पोस्टमनची पत्रं कोणाची? विनोदी स्किटमधली पात्रं, कलाकार आणि खात्री करण्याच्या वाटा

शब्दपाखरू

नमस्कार मंडळी. गणपतीत आमच्या सोसायटीत मराठी टीव्हीवर प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न मी काढले होते. त्यातला एक असा: "'चला हवा येऊ द्या'मधली पोस्टमनची पत्रं कोणाची?" माझ्या कागदावर उत्तर होतं सागर कारंडे. नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, अरविंद जगताप. मी तिचं उत्तर चूक धरलं आणि तिच्या गटाचा पहिला नंबर गेला. रात्री घरी येऊन शोधलं तर पत्रं लिहिणारे जगतापच. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली, पण मन खात राहिलं.

तेव्हापासून एक यादी करतोय. तीन रकाने आहेत: कार्यक्रम, पात्र, कलाकार. साधारण सत्तर नोंदी झाल्यात. 'फू बाई फू', 'कॉमेडी एक्सप्रेस', 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' असं सगळं आहे. अडचण अशी की निम्म्याहून जास्त नोंदी आठवणीतून किंवा कुठल्यातरी व्हिडिओखालच्या ओळीतून आल्यात. उदाहरणार्थ:

शांताबाई – भाऊ कदम
लॉली – नम्रता संभेराव
शालू – प्रभाकर मोरे
फिल्टरपाड्याचा बच्चन – दत्तू मोरे (?)

कोणी काय केलं हे पक्कं कसं करायचं? अमुक भूमिका तमक्याची, हे आपल्याला माहीत असतं म्हणजे नक्की कशावरून माहीत असतं? पुढच्या वर्षी कोणा मुलावर अन्याय व्हायला नको.

विंगेतला

सोपं आहे हो. भागाच्या शेवटी श्रेयनामावली येते, ती थांबवून वाचायची. सगळं त्यात असतं. दूरचित्रवाणीवर नाव दिल्याशिवाय कोणाला काम करायला लावत नाहीत.

आणि फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणजे गौरव मोरे, दत्तू नव्हे. हे मात्र शंभर टक्के. शालूची भूमिका प्रभाकर मोरे करतात, ती नोंद बरोबर आहे.

वऱ्हाडी ठसका

माझं मत भाऊ कदमला. नुसता उभा राहिला तरी हसू येते. भारत गणेशपुरे आमच्याकडचे, त्यांची वऱ्हाडी बोली ऐकली की घरी आल्यासारखं वाटते. कुशल बद्रिके तिसऱ्या नंबरवर.

शब्दपाखरू

ठसका, आवडत्या कलाकारांचा धागा वेगळा आहे, तिथे नक्की लिहा. इथे कोणी कुठली भूमिका केली याचा पुरावा शोधतोय.

विंगेतला, गौरव मोरेंची दुरुस्ती केली. श्रेयनामावली मी आत्ताच एका भागाची पाहिली. नावं आहेत, पण त्यापुढे पात्राचं नाव नाही. मग?

तिसरी घंटा

मी काही वर्षं प्रहसनांच्या एका कार्यक्रमावर सहायक म्हणून काम केलं आहे. वाहिनी आणि कार्यक्रमाचं नाव इथे नको. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते.

श्रेयनामावलीवर विसंबून राहता येत नाही, आणि त्यात कोणाची लबाडी नसते. मालिकेत एक नट महिनोन् महिने एकच भूमिका करतो, म्हणून नावापुढे पात्र लिहिता येतं. स्किटच्या कार्यक्रमात एका भागात तीन-चार स्किटं असतात. तोच माणूस पहिल्यात सासरा असतो, दुसऱ्यात चोर, तिसऱ्यात नवरी. त्यामुळे शेवटी फक्त संचाची नावं सरकतात आणि पुष्कळदा तीच पट्टी आठवडेच्या आठवडे चालते. एखाद्या भागात कलाकार आजारी असला तरी त्याचं नाव पट्टीत दिसू शकतं. म्हणून पट्टीवरून इतकंच कळतं की त्या काळात ही मंडळी संचात होती. कोण कोण झालं ते कळत नाही.

ते कळण्याची खरी जागा स्किट संपल्यानंतरची दोन मिनिटं आहेत. 'हास्यजत्रा' घ्या. स्किट झालं की सगळे रांगेत उभे राहतात, प्राजक्ता माळी पुढे येतात आणि परीक्षक प्रसाद ओक, सई ताम्हणकर एकेकाशी नावानं बोलतात. "नम्रता, तू आज..." असं वाक्य कॅमेऱ्यासमोर येतं, तेव्हा अंगावर अजून तीच साडी आणि तोच विग असतो. चेहरा, वेश आणि खरं नाव तिन्ही एकाच चौकटीत मिळतात. यापेक्षा भक्कम पुरावा प्रेक्षकाला घरबसल्या मिळणार नाही. लॉलीची नोंद मी याच रीतीनं पक्की मानते: ती नम्रता संभेराव.

गंमत अशी की फिरणाऱ्या क्लिपांमधून नेमकी हीच दोन मिनिटं कापलेली असतात. विनोद संपला की क्लिप संपते. म्हणून क्लिप बघून नोंद करू नका, ओटीटीवर पूर्ण भाग उघडा. 'हास्यजत्रा' सोनी लिव्हवर आणि 'चला हवा येऊ द्या' झी ५ वर शोधा.

आता शालू. शालू हे पात्रच नाही. प्रभाकर मोरे "शालू झोका दे गो मैना" हे गाणं म्हणत नाचतात, ते लोकांना इतकं आवडलं की त्यांची ओळखच ती झाली. गाण्यात जिला हाक मारली आहे ती शालू. मोरे शालू होत नाहीत. विंगेतला, कलाकार तुम्ही बरोबर सांगितलात, फक्त त्यांनी काय केलं ते थोडं घसरलं.

फिल्टरपाड्याचंही तसंच. गौरव मोरे स्वतः पवईच्या फिल्टरपाड्याचे. तो त्यांचा स्वतःचा पत्ता आणि स्वतःचं बिरुद आहे. स्किटमध्ये ते वेगवेगळी पात्रं करतात, आणि बिरुद त्यांच्याबरोबर सगळीकडे जातं. तुमच्या यादीत "पात्र" या रकान्यात ते बसत नाही. चौथा रकाना करा: "ओळख". त्यात फिल्टरपाडा, शालू आणि अरुण कदमांचं 'दादूस' अशी नावं जातील.

आणि पाचवा करा: "लेखन". त्या मुलीचा प्रश्न तिथेच अडकला होता.

विंगेतला

शालूचं मान्य. मी गाणं ऐकलं होतं, स्किट बघितलं नव्हतं. पण श्रेयनामावली अगदीच निरुपयोगी आहे असं मी मानत नाही. एखादा कलाकार संचात होता की नव्हता एवढं तरी तिथे कळतं ना?

तिसरी घंटा

तेवढं कळतं, आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. खाली कोणी क्लिप आणली की दाखवते.

सुमतीताई

मी पंचाहत्तर वर्षांची आहे. नातवानं हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते आहे.

तुम्ही सगळे अलीकडचं बोलता. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि आमच्या चाळीत फक्त एका घरी संच होता. 'गजरा' लागला की अख्खी चाळ त्या खोलीत. छोटी छोटी प्रहसनं असायची. किशोर प्रधान होते, लक्ष्मीकांत बेर्डे होते, तेव्हा बेर्डेंना सिनेमात कोणी ओळखत नव्हतं. त्यात एक गुंड्याभाऊ असायचे, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतात. ते काम बाळ कर्वे करायचे. तेवढं तुमच्या यादीत 'गजरा'खाली लिहा.

शब्दपाखरू

ताई, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. 'गजरा'ची एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

जुनीपानं

सुमतीताई, नमस्कार. बाळ कर्वे आणि गुंड्याभाऊ ही जोडी अगदी बरोबर आहे. पण ते 'गजरा'तलं नाही. चिं. वि. जोशींच्या कथांवरची दूरदर्शनची वेगळी मालिका होती, त्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दोन्ही त्याच पडद्यावर आणि साधारण त्याच वर्षांत, त्यामुळे आठवणीत एकत्र होणं स्वाभाविक आहे. माझ्या आईचंही असंच होतं.

सुमतीताई

असेल बाई. पण एक प्रहसन मला नक्की आठवतं. भाडेकरू आणि मालकीण. मालकिणीचं काम एका पुरुषानं लुगडं नेसून केलं होतं आणि आम्ही हसून हसून रडलो होतो. तो कोण होता हे मला मरायच्या आधी कळायला हवं.

जुनीपानं

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत "आज दूरदर्शनवर" असा स्तंभ असे. मी वाचनालयात काही अंक चाळले आहेत. त्यात "गजरा" एवढाच शब्द आणि वेळ सापडते, आतली नावं नाहीत. त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे चित्रीकरण हाती लागेल अशी आशा मी धरत नाही. कलाकारांच्या आत्मकथनांतून आणि जुन्या मुलाखतींतून शोधते. ताई, तुम्हाला सालाचा अंदाज देता येईल का? घरातलं एखादं लग्न, बारसं, काहीतरी?

सुमतीताई

धाकटीच्या बारशाच्या आधी. म्हणजे १९८० च्या आतलं.

चकली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. मला आठ-दहा मिनिटांची एक क्लिप आलीय. वर लिहिलंय "चला हवा येऊ द्या – भाऊ कदम आणि ओंकार भोजने यांची धमाल". निवेदन निलेश साबळेंचं आहे, आवाज ओळखीचा आहे. माझा भाऊ म्हणतो ओंकार भोजने 'हवा येऊ द्या'त नव्हताच, तो 'हास्यजत्रे'तला. मी म्हणते साबळे आणि भाऊ दोघं आहेत म्हणजे 'हवा येऊ द्या'च. आमची पैज लागलीय. कोण बरोबर?

तिसरी घंटा

चकली, तुझी क्लिप अगदी योग्य वेळी आली. पैजेचा निकाल मी देत नाही, वाट दाखवते, तू शोध. आधी चार गोष्टी बघून सांग. वरच्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह आहे का? मागच्या फलकावरची अक्षरं सरळ आहेत की उलटी? आवाज नेहमीपेक्षा किंचित बारीक वाटतो का? आणि ही क्लिप कोणी टाकलीय, वाहिनीच्या अधिकृत पानानं की दुसऱ्या कोणी?

चकली

चिन्ह दिसत नाही, कडा कापल्यात. फलकावरची अक्षरं उलटी आहेत, आरशात दिसतात तशी! हे मी आधी पाहिलंच नव्हतं. आवाज हो, जरा बारीक आहे. टाकणारं पान कुठलंतरी "कॉमेडी" नावाचं, वाहिनीचं नाही.

तिसरी घंटा

म्हणजे कोणीतरी मूळ व्हिडिओ आडवा उलटवला, कडा कापल्या आणि आवाजाची पट्टी चढवली. चोरलेला व्हिडिओ यंत्राला ओळखू येऊ नये म्हणून असं करतात. ज्यानं इतकं केलं, त्यानं वर लिहिलेल्या नावाची खातरजमा केली असेल असं धरू नकोस. "चला हवा येऊ द्या" हे नाव जास्त शोधलं जातं म्हणून ते लावलेलं असू शकतं.

आता संचावरून काळ लावू. साबळे, भाऊ, भोजने हे तिघं एकत्र कधी असू शकतात?

'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४ मध्ये साबळेंच्या निवेदनात सुरू झालं आणि मार्च २०२४ पर्यंत चाललं. भाऊ कदम त्यात पहिल्यापासून. भोजने मात्र 'हास्यजत्रे'त होते. २०२२ मध्ये त्यांनी तो कार्यक्रम सोडला आणि झी मराठीवर नव्यानं आलेल्या 'फू बाई फू'त गेले. त्या 'फू बाई फू'चं निवेदन वैदेही परशुरामी करत होत्या, साबळे नव्हे. म्हणजे तीही शक्यता गेली.

मग २०२४ च्या एप्रिलमध्ये कलर्स मराठीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' आलं. त्यात साबळे, भाऊ कदम आणि ओंकार भोजने तिघंही होते. तुझी क्लिप तिथली असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

विंगेतला, श्रेयनामावलीचा उपयोग तो हाच. कोण कोणत्या काळात कुठल्या संचात होतं हे कळलं की क्लिपचं घर शोधता येतं.

विंगेतला

म्हणजे चकलीचा भाऊ जिंकला. भोजने 'हवा येऊ द्या'च्या मंचावर दिसूच शकत नाही.

तिसरी घंटा

नाही, इतकं पुढे जाऊ नका. 'हवा येऊ द्या'त दर आठवड्याला सिनेमा-नाटकांची मंडळी पाहुणी म्हणून येत. भोजने यांचा 'सरला एक कोटी' हा सिनेमा जानेवारी २०२३ मध्ये आला. सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी कोणीही कलाकार त्या मंचावर येऊ शकतो. पाहुणा बहुधा बाजूच्या आसनावर असतो, कधीकधी त्याला खेळात ओढतात. म्हणून "संचात नव्हता" आणि "मंचावर दिसू शकत नाही" ही दोन वाक्यं एक नाहीत.

चकली, आता बघ: भोजने क्लिपमध्ये पाहुण्याच्या जागी बसून हसतायत की वेश करून पूर्ण वेळ भूमिकेत आहेत? आणि त्यातलं एखादं न विसरता येणारं वाक्य घेऊन वाहिनीच्या अधिकृत पानावर शोध. प्रसंग सापडला की फलक सरळ करून जुळव. नेपथ्य, कपड्यांचे रंग, वाक्यांचा क्रम, तिन्ही जुळायला हवेत. एकाच वेशातली दोन वेगळी स्किटं असू शकतात.

चकली

पूर्ण वेळ भूमिकेत आहेत, बायकी वेशही आहे. शोधते.

निवांत

मधेच एक गोष्ट सांगतो. शब्दपाखरू, तुम्ही विकिपीडियाच्या पानावरून किंवा आयएमडीबीवरून नोंदी घेतल्या असतील तर जपा. दोन्हीकडे कोणीही वाचक भर घालू शकतो.

मी एकदा अशाच एका ओळीच्या मागे लागलो होतो. पानावर अमुक भूमिका अमक्यानं केली असं होतं आणि पुरावा म्हणून एका मनोरंजन पोर्टलची बातमी जोडली होती. बातमी उघडली तर तिची भाषा शब्दशः पानासारखीच. मग पानाचा इतिहास उघडला. ओळ बातमीच्या पाच महिने आधी घातलेली होती, तेव्हा पुराव्याशिवाय. म्हणजे बातमीवाल्यानं पानावरून उचललं आणि नंतर कोणीतरी तीच बातमी पानाला पुरावा म्हणून जोडली. दोन साक्षीदार दिसत होते, प्रत्यक्षात एकही नव्हता.

तेव्हापासून मी शोधताना तारखेची मर्यादा घालतो. पात्राचं आणि कलाकाराचं नाव अवतरणात, आणि मागे तारीख:

```
"लॉली" "नम्रता" before:2021-01-01
```

सर्वांत जुना उल्लेख कुठे आहे ते बघतो. तो वाहिनीचा स्वतःचा असेल किंवा कलाकाराची थेट मुलाखत असेल तर धरतो. तोही एखाद्या पोर्टलचा असेल तर सोडून देतो.

शब्दपाखरू

हे मी कधीच केलं नव्हतं. माझ्या यादीतल्या अकरा नोंदी एकाच पोर्टलवरच्या आहेत. त्या आज काढून बाजूला ठेवतो.

शोधताना "शांताबाई" टाकलं की संजय लोंढे यांचं गाणंच पहिल्यांदा येतं. भाऊ कदमांची शांताबाई शोधायची तर नावाबरोबर "भाऊ" घालावंच लागतं. नाहीतर गाण्याखालच्या प्रतिक्रियांत कोणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं आणि तेच खरं वाटायला लागतं.

तिसरी घंटा

नावांचं निघालंच आहे तर यादीतली आणखी एक अडचण सांगते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका इथे होतात.

'हास्यजत्रे'त मोरे तीन होते: गौरव, दत्तू आणि प्रभाकर. ओंकार दोन: भोजने आणि राऊत. प्रसाद दोन: खांडेकर स्किट करतात आणि ओक परीक्षकाच्या खुर्चीत. पडद्यामागे सचिन दोन: गोस्वामी आणि मोटे. कदम दोघं, पण वेगवेगळ्या घरचे: भाऊ कदम 'हवा येऊ द्या'त आणि अरुण कदम 'हास्यजत्रे'त. खांडेकर आणि खांडकेकर यांत तर एका अक्षराचा फरक. प्रसाद खांडेकर 'हास्यजत्रे'त, आणि 'हवा येऊ द्या'च्या २०२५ च्या नव्या पर्वाचं निवेदन अभिजीत खांडकेकर यांनी केलं. त्याच नव्या पर्वात गौरव मोरेही होते, आणि प्रियदर्शन जाधवही, ज्यांचं नाव 'हास्यजत्रे'च्या प्रियदर्शिनी इंदलकरच्या शेजारी ठेवलं की घाईत वाचणारा फसतो.

तुम्ही दत्तूपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं होतं ना? ती चूक अशीच होते. कोणीतरी मथळ्यात "मोरेंचा फिल्टरपाडा" एवढंच लिहितो आणि वाचणारा मनात येईल तो मोरे बसवतो. म्हणून यादीत नुसतं आडनाव किंवा नुसतं पाळण्यातलं नाव कधीच लिहू नका.

दुसरं, नावं बदलतात. नम्रता संभेराव आधी नम्रता आवटे. जुन्या कामांत आवटे शोधल्याशिवाय त्यांची माहिती अर्धीच राहील. भाऊ कदमांचं कागदोपत्री नाव भालचंद्र. पंढरीनाथ कांबळेंना संच पॅडी म्हणतो, मंचावरही तीच हाक येते. समीर चौघुले कुठे "चौगुले" असे छापलेले सापडतात. प्रत्येकाच्या ओळीत हे सगळे पर्याय टिपून ठेवा, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. माझ्याकडून हे एकदा झालं आहे, आणि मानधनाच्या कागदावर. ते निस्तरायला तीन दिवस लागले.

शब्दपाखरू

माझ्या यादीत नम्रता आवटे आणि नम्रता संभेराव दोन वेगळ्या अभिनेत्री होत्या. आत्ता जोडल्या.

पण पत्रांचं अजून मनात आहे. प्रश्न "पत्रं कोणाची" असा होता. पोस्टमनच्या वेशात येऊन ती वाचायचे सागर कारंडे, लिहायचे अरविंद जगताप. प्रेक्षक म्हणून मला रडू आलं ते कारंडेंच्या आवाजानं. मग पत्र त्यांचंही नाही का?

जुनीपानं

माझ्या मते नाही. ती पत्रं पुढे पुस्तकरूपानंही आली, आणि पुस्तकावर नाव जगतापांचं. "पोस्टमन कोणी साकारला" असं विचारलं असतंत तर कारंडे. "कोणाची" या शब्दानं घोटाळा केला.

तिसरी घंटा

मी जुनीपानंशी निम्मीच सहमत. पोस्टमन हे एका वाचणाऱ्याचं पात्र आहे. वाचता वाचता तो कुठे थांबतो, टोपी कधी काढतो, कुठल्या शब्दावर आवाज बसतो, हे लेखकानं लिहून दिलेलं नसतं. तालमीत मी हे पाहिलं आहे: संहितेत चार ओळी असतात आणि कलाकार त्यात पाचवी आणतो, ती कधीकधी लोकांच्या तोंडी बसते आणि मूळच्या चार कोणाला आठवत नाहीत. ती पाचवी ओळ कोणाची, हे बाहेरून सिद्ध करायला काही वाटच नाही. लेखक आणि कलाकार दोघांनी स्वतंत्रपणे सारखंच सांगितलं तरच मानायचं. म्हणून यादीत "साकारलं" आणि "लिहिलं" हे दोन रकाने ठेवा, पण "निर्मिलं" असा रकाना ठेवू नका. तो तुम्हाला भरता येणार नाही.

निवांत

कलाकाराच्या मुलाखतीचं काय? तो स्वतः सांगतो की ही ओळ माझी.

तिसरी घंटा

मुलाखत स्किटच्या जवळच्या दिवसांतली असेल तर वजन देते. दहा वर्षांनंतरची असेल तर कार्यक्रमही बदललेला असू शकतो. 'कॉमेडी एक्सप्रेस', 'फू बाई फू' आणि 'हास्यजत्रा' अशा दोन-तीन ठिकाणी काम केलेली माणसं आहेत. कलाकारालाच आठवत नाही की तो बायकी वेश ह्या मंचावर होता की त्या. तो खोटं बोलत नसतो. शेकडो स्किटं केलेली असतात.

वऱ्हाडी ठसका

आता समजलं काय चाललंय ते. एक विचारू का? आमच्याकडे म्हणतात की थुकरटवाडी हे खरं गाव आहे. ते कोणत्या रकान्यात?

शब्दपाखरू

'हवा येऊ द्या'तलं काल्पनिक गाव आहे ठसका. पण चांगली आठवण केलीत, ठिकाणांचा रकाना नव्हता. फिल्टरपाडा खरा आणि थुकरटवाडी कल्पनेतली, हे दोन्ही तिथे नोंदवतो.

चकली

सापडली! क्लिप उलटवून घेतली आणि त्यातलं वाक्य कलर्स मराठीच्या अधिकृत पानावर शोधलं. 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!'चा तोच प्रसंग आहे. फलक सरळ वाचता येतो, साडीचा रंग तोच, वाक्यांचा क्रम तोच. मूळ व्हिडिओ लांब आहे, माझ्या क्लिपमध्ये मधले दोन तुकडे कापून जोडले होते. त्यामुळे एका ठिकाणी भाऊंचं वाक्य ओंकारच्या तोंडच्या वाक्यानंतर लगेच येतं, मुळात मध्ये अख्खा प्रसंग आहे.

पैज दोघंही हरलो. मी म्हणत होते 'हवा येऊ द्या', तो म्हणत होता 'हास्यजत्रा'.

तिसरी घंटा

फार छान काम केलंस. नोंदीत मूळ व्हिडिओचा दुवा, तू तो पाहिलास ती तारीख आणि किती मिनिटाला प्रसंग सुरू होतो ते लिही. दुवे मरतात. उद्या तो काढला गेला तर निदान कोणत्या भागात शोधायचं ते कळेल.

शब्दपाखरू

यादीला आता सात रकाने झाले: कार्यक्रम, पात्र, साकारलं, लिहिलं, ओळख, ठिकाण आणि "कशावरून". शेवटच्या रकान्यात जिथे मी नुसतं "आठवण" लिहिलंय अशा चौतीस नोंदी उरल्यात. त्यांतल्या बऱ्याच 'फू बाई फू'च्या पहिल्या पर्वांतल्या आहेत. कोणाकडे त्या काळातलं घरी रेकॉर्ड केलेलं काही असेल तर कळवा. निकालापर्यंतचा तुकडा असेल तर उत्तमच, कारण नावं तिथेच घेतली जातात.

जुनीपानं

माझ्या मामाकडे सीडींचा एक डबा आहे. दिवाळीत जाईन तेव्हा बघते.

सुमतीताई, तुमच्या लुगड्यातल्या मालकिणीचा अजून पत्ता नाही. पण १९८० च्या आतलं म्हणालात त्यावरून एक जुनं मासिक मागवलं आहे. त्यात दूरदर्शनवरच्या कलाकारांवर लेख होता असं ग्रंथपाल म्हणाल्या. तुमच्या आठवणीत त्या माणसाचं नाक, उंची, आवाज असं काही असेल तर लिहा.

सुमतीताई

उंच होता. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं आणि दर वेळी तो कपाळ चोळत आत यायचा. लुगडं हिरवं असावं, पण तेव्हा टीव्ही काळापांढरा होता, त्यामुळे हिरवं मीच धरून चालले असेन.